उपास सोडून कुठलंही कारण चालत नाही

प्रश्न: रेल्वेच्या लांबच्या प्रवासात शेजारचे लोक खायला देतात. घ्यावं का? आणि नको असेल तर त्यांना वाईट न वाटता नाही कसं म्हणायचं?

घ्यावं का, हे आधी उरकतो. अख्खं कुटुंब ज्या डब्यातून खातंय त्याच डब्यातलं असेल, तर बिनधास्त घ्या. एकटाच माणूस स्वतः न खाता तुम्हालाच बिस्किट नाहीतर चहा घ्या म्हणून मागे लागला, तर नको. स्टेशनवर ती घोषणा होते ना, अनोळखी माणसाकडून खाद्यपदार्थ घेऊ नका, ती अशांसाठी. नाशिकरोडला ही घोषणा चालू होती आणि माझी आई त्याच वेळी प्लॅटफॉर्मवर पिशव्या मोजत होती: चिवडा पाऊण किलो, दशम्या वीस, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. आम्ही दोघं. मी म्हटलं, "आई, वीस?" तर म्हणाली, "डब्यात लोक असतात ना."

नाही कसं म्हणायचं, याचं उत्तर मला त्या वाराणसीच्या प्रवासात मिळालं. फेब्रुवारी होता. स्लीपरचा डबा, आठ बर्थचा आमचा कप्पा. समोर बनारसचे काका-काकू, त्यांच्या वर एक इंजिनिअरिंगचा पोरगा, साइड लोअरला भुसावळचे एक निवृत्त गार्ड. गाडी सुटल्यावर पहिला अर्धा तास कोणी कोणाकडे बघत नाही. सगळ्यांकडे डबे असतात, सगळ्यांना भूक असते, आणि पहिला डबा उघडायची जबाबदारी कोणालाच नको असते. कारण एकदा उघडला की सगळ्यांना विचारावं लागतं. गार्डकाका तर खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून खारे शेंगदाणे खात होते. कागदाचा आवाज येऊ नये म्हणून दोन्ही हातांत पुडी धरून.

मनमाडच्या अलीकडे आईने चिवड्याचा डबा उघडला. नाशिकच्या चिवड्यात तळलेला कांदा असतो, त्याचा वास वरच्या बर्थपर्यंत सरळ जातो. तासभर 'गाढ झोपलेला' पोरगा एका डोळ्याने जागा झाला.

आता नकाराचे प्रकार सांगतो, कारण तुम्हाला तेच हवं आहे.

"नको, नको" हा नकारच नाही. पहिलं नको शिष्टाचाराचं, दुसरं नको म्हणताना हात पुढे आलेला असतो, तिसऱ्याला "बरं, थोडंच". थोडंच म्हणजे ओंजळभर. पोराने हे तिन्ही टप्पे चार सेकंदांत पार केले आणि आईने त्याला डबाच वर दिला.

"आत्ताच जेवलो" हे गार्डकाकांनी वापरलं. आई म्हणाली, "शेंगदाण्याने कुठे पोट भरतं का?" म्हणजे पाठीमागूनही दिसत होतं.

"नंतर घेतो" म्हणालात तर तुमचा वाटा कागदावर काढून तुमच्या मांडीवर ठेवला जातो आणि भुसावळपर्यंत त्यावर नजर असते. "पोट बिघडलंय" तर चुकूनही म्हणू नका. ओवा निघतो, हिंगाष्टक निघतं, आणि चार अनोळखी माणसं तुमच्या पोटावर जाहीर चर्चा करतात.

चिवडा हलत्या गाडीत वाटायला सोपा, खायला अवघड. तळहाताची वाटी करायची, ती तोंडाशी न्यायची आणि नेमका तेव्हाच रूळ बदलतो. गार्डकाका यात वाकबगार. डाव्या हाताच्या मुठीत सगळा ऐवज, उजव्या हाताने चिमूट. फक्त चिमटीत दर वेळी खोबऱ्याचा कापच यायचा. मूठ संपली तेव्हा तळाशी नुसते पोहे होते, ते त्यांनी मोठ्या मनाने आईला दाखवून संपवले.

राहिल्या बनारसच्या काकू. त्या नुसत्या हसून म्हणाल्या, "आज एकादशी है."

आई एकदम मऊ झाली. तिच्या समजुतीप्रमाणे अडचण कांद्याची होती. "अच्छा, कांदा नहीं चलता? रुको, निकाल के देती हूं." आणि तिने खरंच झाकणात चिवडा घेऊन कांदा वेचायला सुरुवात केली. पाच मिनिटं कप्प्यात कोणी बोललं नाही. सगळे कांदा वेचणं बघत होते. तो पूर्ण वेचून झाल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "बहनजी, पोहा तो चावल है." एकादशीला तांदूळ वर्ज्य, हे आईलाही चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे भगर आणि साबुदाणा त्यासाठीच शिजतो. पण चिवड्यातले पोहे म्हणजे भातच, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग दशमी पुढे केली. "दूध में भिजवाई है, पानी का थेंब नहीं." कणीक दुधात भिजवलेली असली तरी शेवटी गहूच. तीही गेली.

आई हरली असं मला वाटलं. पण तिने बर्थखालची पेटी ओढली. त्यात वाराणसीतल्या ओळखीच्यांसाठी नेलेली द्राक्षं होती, ज्यांना मला हात लावायची बंदी होती. दोन घड काकूंच्या पदरात. उपासाचं कारण टिकलं खरं, पण उपाशी राहणं काही जमलं नाही.

द्राक्षांनी काकांचं तोंड मोकळं झालं. नासिक में क्या-क्या है, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "हमारा घर गंगा के पास ही है. रामकुंड गंगा पे." नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात, आम्ही "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो, त्यात वेगळं काही वाटत नाही. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "तो फिर आप काशी किसलिए जा रही हैं?"

आईने क्षणभरही विचार केला नाही. "आपकी वाली भी देखने."

रात्री दहाला मधले बर्थ उघडले आणि खाणं थांबलं. गार्डकाका आधीच भुसावळला उतरले होते. उतरताना त्यांनी खिडकीतून आईच्या हातात अर्धा डझन केळी कोंबली आणि "नको, नको" ऐकायला थांबलेच नाहीत. मला वाटतं, देणाऱ्याची हीच खरी हातोटी.

पोरगा जबलपूरला पहाटे उतरला. आम्ही झोपेत होतो. सकाळी आईने वरच्या बर्थवरून डबा काढला. धुऊन, पुसून ठेवलेला, आत दोन पेढे. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे कोणीतरी त्याला शिकवलेलं होतं. फक्त झाकण नव्हतं. घाईत त्याच्या बॅगेत गेलं असावं. त्या झाकणावर भांड्यांच्या दुकानात मशीनने घातलेलं बाबांचं पूर्ण नाव आहे, आणि लग्नाची तारीख.

सतनानंतर काकूंनी द्वादशीचं पारणं केलं. पुऱ्या, सुका बटाटा, आंब्याचं लोणचं. आमच्यासमोर सहा पुऱ्या ठेवल्या. आई म्हणाली, "नको, नको." मराठीतच. काकूंना बरोबर कळलं, त्यांनी आणखी दोन ठेवल्या.

तो डबा अजून आमच्या ओट्यावर आहे. त्यावर एक वाटी उपडी घालतात. बाबा अधूनमधून विचारतात, माझं नाव सध्या कुठे आहे. आई म्हणते, जबलपूरला.