३६ रुपये किरकोळ खर्चात टाकण्याआधी आमचे ५४ रुपये ऐका

प्रश्न : "इतवारीत एका होलसेल दुकानाचा हिशेब बघते. कॅशबुक आणि खातेवही अजून हातानेच लिहितात, ट्रायल मी एक्सेलमध्ये लावते. ३६ रुपयांनी जुळत नाही, चार दिवस झाले. नऊने भाग जातो म्हणून उलटे पडलेले आकडे शोधले, सापडले नाहीत. शेठ म्हणतात किरकोळ खर्चात टाका. टाकू का?"

नका टाकू, ताई. मी टाकले होते.

सीए नाही मी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या, एवढीच माझी लायकी. बेरजा उलट्या बाजूने मारा, बाक्या परत काढा, हे सांगत बसत नाही. चार दिवसांत ते तुमचं दहा वेळा झालं असेल. इतवारी, होलसेल, हातची वही आणि शेठचं "टाका" वाचलं आणि मस्कासाथेतली आमची गादी डोळ्यापुढे आली, म्हणून लिहितो आहे.

१९९६ चा एप्रिल. मार्चअखेरची ट्रायल लावली तर नावे बाजू ५४ रुपयांनी कमी. मलाही कोणीतरी नऊचा नियम शिकवलेला होता. ५४ भागिले ९ म्हणजे ६, म्हणजे ज्या दोन अंकांत सहाचा फरक आहे ते उलटे पडले असणार : १७ चे ७१, २८ चे ८२, ३९ चे ९३. तीन रात्री मी फक्त असे आकडे शोधले. निम्मे करून २७ पण शोधले, चुकीच्या बाजूला खतवले असतील म्हणून. काही नाही. शेठजी दुकान बंद करताना रोज डोकावून जायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अबे बाबू, चोपन्न रुपयांसाठी किती लाइट जाळून राहिला?"

ऑडिट करणाऱ्या ऑफिसात फोन केला. नाव घेत नाही, आणि आता घेऊन उपयोगही नाही. तिथल्या पोराने विचारलं, फरक किती? ५४ म्हटल्यावर तो हसला. "टाकून द्या ना काका, इतक्याला कोण विचारतं." (मी तेव्हा तिशीतला होतो, काका कशाचा.) इतक्या वर्षांनंतरही माझा राग त्या ५४ वर नाही, त्या हसण्यावर आहे. ज्याचं काम विचारण्याचं तोच म्हणतो कोण विचारतं. असो.

मी किरकोळ खर्चाच्या खात्यात नावे बाजूला ५४ लिहिले. कॅशबुकात त्याची नोंद नाही, व्हाउचर नाही, नुसतं खातेवहीत. ट्रायल जुळली, ताळेबंद जुळला, शेठजींनी पेढे मागवले.

जूनमध्ये आम्ही थकबाकीदारांना पोस्टकार्डं टाकायचो. काटोलकडच्या एका किराणावाल्यांना गेलं : आपल्याकडे ४,५०० रुपये येणे आहेत, त्वरित पाठवावेत. पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमनने वाचलं, ज्याच्या हातात दिलं त्या पोराने वाचलं, संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते गृहस्थ दुकानात हजर. खिशातून आमच्याच पावतीबुकाची पावती काढली. ४,५०० रुपये रोख, फेब्रुवारीतली तारीख, खाली माझीच सही. शेठजींकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "मले गावात तोंड दाखवायले जागा नाही ठेवली तुम्ही." पाणी दिलं तर प्यायले नाहीत.

कॅशबुक उघडलं. रक्कम जमेत बरोबर होती. त्यांच्या खात्यात मात्र खतवलेलीच नव्हती. आणि तरीही खातेवहीच्या पान नंबरच्या रकान्यात नंबर लिहिलेला होता, म्हणून शोधताना तीनही रात्री माझी नजर त्या ओळीवरून घसरून गेली. माझी एक वाईट सवय होती. कॅशबुकाच्या आख्ख्या पानावरचे नंबर मी आधी भरून ठेवायचो आणि मग एकेक रक्कम खतवायचो, म्हणजे काम भरभर होतं. त्या पानाच्या वेळी कूलर लावलेला होता, वाऱ्याने खातेवहीचं पान उलटलं असेल किंवा मी चहाला उठलो असेन. नंबर म्हणतो खतवलं, खातं म्हणतं नाही. पान नंबर रक्कम खतवल्यावरच लिहायचा, आधी कधीच नाही. तो रकाना नुसता पत्ता लिहिण्यासाठी नसतो, काम झाल्याची खूणही असते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी तो रकाना पत्त्यासारखाच वापरत होतो.

आता तुम्ही म्हणाल, ४,५०० राहिले तर फरक ४,५०० चा यायला हवा, ५४ चा कसा? तोच प्रश्न मला पडला, आणि त्याच्या उत्तराने माझी झोप उडाली. एका ठिकाणी दुसरी चूक बसलेली असणार हे उघड होतं, आणि आता तिची रक्कमही मला माहीत होती. काटोलवाल्यांची बाकी ४,५०० ने जास्त दिसत होती, म्हणजे नावे बाजू तेवढी फुगलेली. तरी ती ५४ ने कमी, म्हणजे दुसरीकडे ती ४,५५४ ने खाली गेलेली. ४,५५४ भागिले ९ बरोबर ५०६. उलटा आकडा नाही, शून्य गळालेलं! ५,०६० च्या जागी ५०६. ट्रकभाड्याच्या खात्यात दहा मिनिटांत सापडलं. जुन्या वह्यांत रुपयांचा आणि पैशांचा रकाना वेगळा असतो, मध्ये लाल रेघ. माझं शेवटचं शून्य त्या रेघेपलीकडे पैशांत जाऊन बसलं होतं, आणि बेरीज करताना मी ते ५०६ रुपये असंच वाचलं.

नऊचा नियम खोटा नव्हता. मी तो चुकीच्या आकड्याला लावत होतो. ५४ ही एका चुकीची रक्कम नव्हतीच, दोन मोठ्या चुकांमधली उरलेली फट होती. आणि भाडं ५,०६० ऐवजी नेमकं ५,००० असतं आणि मी ५०० लिहिले असते, तर फरक शून्य आला असता. ट्रायल पहिल्या रात्री जुळली असती, आणि काटोलला पोस्टकार्ड तरीही गेलं असतं.

त्या ५४ ने आणखी एक केलं. भाडं ४,५५४ ने कमी दाखवलं, त्यात माझे खोटे ५४ खर्चात मिळवले, म्हणजे नफा ४,५०० ने जास्त. तिकडे येणंही ४,५०० ने जास्त. म्हणून ताळेबंद इतका सुरेख जुळला. हेच ५४ मी सस्पेन्स खात्यात नावे ठेवले असते, तर ते खातं वर्षभर डोळ्यात खुपत राहिलं असतं. चुका सापडल्यावर भाडं नावे ४,५५४, सस्पेन्स जमा. सस्पेन्स नावे ४,५००, काटोलवाल्यांचं खातं जमा. बघा, सस्पेन्सच्या नावे बाजूला ५४ आणि ४,५०० मिळून ४,५५४, जमा बाजूलाही ४,५५४. खातं आपोआप बंद. खर्चात टाकलेला फरक असा कधी बंद होत नाही, तो तिथे गाडला जातो. (मागच्या वर्षाची वही बंद झाली असेल तर दुरुस्ती कशी दाखवायची आणि टॅक्सचं काय, हे तुमच्या सीएंना विचारा. माझ्या भरवशावर राहू नका.)

आता तुमच्या ३६ चं. रक्कम शोधणं थांबवा, गट जुळवा. पहिला गट उधारीचा, कारण होलसेलमध्ये सगळ्यात जास्त ओळी तिथेच असतात. सुरुवातीचं एकूण येणं घ्या, त्यात वर्षाची उधार विक्री मिळवा, त्यातून वसुली, परत आलेला माल आणि दिलेली कसर वजा करा. ही एकेक बेरीज विक्रीबुक, कॅशबुक अशा मूळ वह्यांतून घ्यायची, ग्राहकांच्या खात्यांतून अजिबात नाही, नाहीतर चूक स्वतःशीच जुळेल. उत्तर येईल तेवढीच ग्राहकांच्या बाक्यांच्या यादीची बेरीज यायला हवी. आमच्याकडे हे केलं असतं तर, आकडे नक्की आठवत नाहीत पण समजा, हिशेबाने २,०८,१०० आणि यादीने २,१२,६०० आले असते. ४,५०० चा फरक अर्ध्या दिवसात समोर. ५४ कडे मग कोणी बघितलंच नसतं. मग ज्यांचं आपण देणं लागतो त्या व्यापाऱ्यांचंही हेच करा. दोन्ही गट जुळले तर चूक खर्चाच्या आणि बाकीच्या मोजक्या खात्यांत उरते, आणि ती तपासायला फार वेळ लागत नाही.

एक्सेलचं एक. वहीला दोष देण्याआधी रकान्यात आकड्यासारखा दिसणारा मजकूर तर नाही ना, ते बघा. दुसरीकडून चिकटवलेली रक्कम कधी कधी मजकूर म्हणून बसते आणि बेरजेत धरलीच जात नाही. रकान्याची मर्यादा तुमच्याप्रमाणे बदला :

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(C2:C140))
```

शून्य आलं तर ठीक. नाहीतर तेवढ्या ओळी शोधा. आणि मधे ओळ घातली असेल तर बेरजेचं सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं का, तेही बघून घ्या. आमच्या दुकानात नंतर आलेल्या पोराने एकदा यातच दोन दिवस घालवले होते.

पुढच्या वर्षापासून ट्रायल दर महिन्याला लावा. शेठ कुरकुर करतील. पण जानेवारीला जुळली आणि फेब्रुवारीला नाही, तर शोधायला एकच महिना असतो. आम्ही वर्षातून एकदा लावायचो, म्हणून माझ्यापुढे बारा महिने होते.

काटोलवाल्यांना शेठजी स्वतः जाऊन भेटून आले, माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पण माल पुन्हा आमच्याकडून घेतला नाही. त्यांचं खातं त्याच वर्षी शून्यावर बंद केलं. पान नंबर मी शेवटी लिहिला.

उधारीची यादी जुळवल्यावर ३६ चे किती होतात ते इथे टाका. ३६ च राहिले तर तुमची चूक एकच असण्याची शक्यता जास्त. आकडा एकदम मोठा झाला तर घाबरू नका, तोच खरा आहे.