५५ नंबरवाल्याला दोषी ठरवण्याआधी हे बघा

प्रश्न: "आमच्या संकलन केंद्रावर ६० उत्पादक आहेत. दुधात अँटिबायोटिक येतंय, विरजण लागत नाही. विषाच्या बाटलीच्या कोड्यासारखं (१००० बाटल्या, १० चाखणारे) बाटल्यांना १ ते ६० नंबर दिले, बायनरीप्रमाणे ३२, १६, ८, ४, २, १ असे ६ गट केले, ज्या आकड्यांच्या बेरजेने नंबर बनतो त्या गटांत ती बाटली घातली आणि प्रत्येक गटाचं मिश्रण लॅबला पाठवलं. उत्तर ११०१११ आलं, म्हणजे ५५. पण ५५ नंबरवाले शपथेवर सांगतात की गोठ्यात औषध गेलेलं नाही. त्यांची बाटली वेगळी तपासली तर साफ निघाली. हिशोब तर बरोबर आहे, मग चुकलं कुठे?"

---

तुमचा हिशोब बरोबर आहे. घोळ कोड्याच्या अटीत आहे किंवा लॅबच्या टेबलावर. मी एका दूध संस्थेचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळलं, त्यामुळे पोस्ट वाचताच ओळखीचा ठसका लागला. (मी पशुवैद्य नाही आणि गणिताचा मास्तरही नाही, तेवढं धरून वाचा.) बायनरी कशी मांडायची ते तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

आधी लॅबचं, कारण मला सगळ्यात महाग तेच पडलं. आम्हीही सहा बाटल्या पाठवल्या होत्या. प्रत्येकीवर १, २, ४, ८, १६, ३२ असं लिहिलं होतं. तिथल्या माणसाने आमच्या चिठ्ठ्या काढून स्वतःचे आवक क्रमांक चिकटवले, तेही खोक्यातून बाटली जशी हाताला लागली त्या क्रमाने. अहवालात फक्त आवक क्रमांक आणि पुढे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. आम्ही सरळ वरून खाली वाचलं: १०१००१, म्हणजे ४१. खरा क्रम नेमका उलटा होता: १००१०१, म्हणजे ३७. ४१ नंबरवाल्याचं दहा दिवसांचं बिल अडकलं, गावात बोलणी झाली ती वेगळीच. खुलासा मागायला गेलो तर "एका केंद्राला एकच अहवाल, बदल होत नाही" आणि उरलेलं दूध ओतून टाकलेलं. बाटलीवरचं मूळ नाव अहवालात लिहायला किती शाई लागते हो? असो.

तर पहिलं काम म्हणजे लॅबला फोन करून कुठली बाटली कुठल्या ओळीत लिहिली ते विचारा. नीट सांगत नसतील तरी मार्ग आहे. दोषी एकच असेल आणि क्रम ढवळला गेला असेल, तरी सहापैकी पाच पॉझिटिव्ह हे बदलत नाही. १ ते ६० मध्ये पाच एकवाले नंबर चारच आहेत: ३१, ४७, ५५, ५९. ५५ साफ निघाला, मग ३१, ४७ आणि ५९ या तीन बाटल्या वेगवेगळ्या तपासा.

त्याही साफ निघाल्या तर दोषी एकापेक्षा जास्त आहेत, आणि माझी पैज यावरच आहे. कोड्यात विषाची बाटली एकच असते. गोठ्यात तसं नसतं. पावसाळ्यात दगडीची, म्हणजे कास सुजण्याची, साथ आली की एकाच आठवड्यात चार घरी सडात ट्यूब सोडली जाते. समजा ३७ (१००१०१) आणि २२ (०१०११०) दोघांच्या दुधात औषध आहे. ज्या गटात दोघांपैकी कुणीही आहे तो गट पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे दोघांचे एक एकत्र होतात आणि उत्तर येतं ११०१११. बिचारा ५५! क्रम बरोबर असल्याची खात्री झाली असेल तर फक्त ८ चा गट निगेटिव्ह आहे, म्हणून त्यातल्या २९ बाटल्या तूर्त बाजूला ठेवा. ५५ वगळून ३० उरतात. त्यांचे पाच-पाचचे सहा गट करा आणि जो गट पॉझिटिव्ह येईल त्यातल्या पाचही बाटल्या सुट्या तपासा.

"तूर्त" म्हणालो, कारण दूध पातळ होतं. कोड्यातलं विष थेंबानेही मारतं. इथे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाची पेनिसिलीनची मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे आणि बऱ्याच चाचण्यांचा हातही त्याच्या आसपासच पोचतो. तुमच्या प्रत्येक गटात तीसेक बाटल्या आहेत. एखाद्याच्या दुधात लिटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, म्हणजे मर्यादेच्या पंचवीसपट, तरी तीस जणांत मिसळल्यावर ३.३ उरतं. कुपी पिवळी होऊ शकते आणि आपण निर्धास्त. (जांभळ्या जेलची कुपी असते ना, ६४ अंशांवर अडीच-तीन तास ठेवायची. दूध साफ असेल तर आतले जंतू वाढून ती पिवळी होते, औषध असेल तर जांभळीच राहते.) औषधानंतरच्या पहिल्या धारेचं दूध इतकं जहाल असतं की ते सुटत नाही. सुटतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध घालायला लागलेला.

म्हणून माझं ठाम मत: साधी बायनरी दुधाला वापरूच नये. पटलं नाही तर सोडून द्या. मी पुढे ९ गट करायला लागलो आणि प्रत्येक बाटली बरोबर ३ गटांत घालायला लागलो. १-२-३, १-२-४, १-२-५ अशा वेगवेगळ्या ८४ तिकड्या होतात, ६० ला पुरून उरतात. मात्र सलग पहिल्या ६० उचलू नका, १ नंबरच्या गटात २८ बाटल्या कोंबल्या जातील. अधल्यामधल्या २४ गाळल्या की गट वीस-वीसचे होतात, आणि वर सांगितलेलं १०० वालं दूध तिथे ५ भरतं, म्हणजे सापडतं.

खरी गंमत पुढे आहे. दोषी एकच असेल तर बरोबर ३ कुप्या जांभळ्या राहतात. चार किंवा जास्त राहिल्या तर दोषी एकाहून जास्त आहेत. एक किंवा दोनच राहिल्या तर कुठेतरी दूध पातळ झालंय किंवा कुपी बिघडलीय. तीन चाचण्या जास्त लागतात, पण उत्तर स्वतःच सांगतं की माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या सहा गटांत ही सोय नाही. तिथे ० आणि ६१ ते ६३ सोडले तर जो आकडा येईल तो कुणाच्या तरी नावावर जातो. लॅबने क्रम ढवळला तर मात्र यातही काही कळणार नाही. त्यासाठी गटाचं नाव बाटलीवरच कायम शाईने लिहा, झाकणावर नको, आणि पोच घेताना समोर उभं राहून त्यांच्या वहीत तेच नाव लिहून घ्या. प्रत्येकाचं थोडं दूध आपल्या फ्रीजमध्येही ठेवा. त्याची सुटी चाचणी झाल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.

एक सटरफटर गोष्ट राहिली. मिश्रणासाठी प्रत्येकाचं १ मिली मोजताना काही जण डॉक्टरांनी गोठ्यात टाकलेली सिरिंज धुऊन वापरतात. तिच्यात कालचं पेनिसिलीन असू शकतं, मग सगळेच गट जांभळे. दुकानातून नवी आणा, पाच-दहा रुपयांना मिळते.