संमतीपत्र सोपं करताना एकही धोका गळू नये म्हणून

प्रश्न: "दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं संमतीपत्र रुग्णांना कळत नाही. सोपं करायला घेतलं की डॉक्टर म्हणतात, अर्थ बदलला. कसं लिहायचं?"

लिहायला बसण्याआधी मूळ मजकुरातली वाक्यं मोडून घ्या. समजा, मूळ वाक्य असं आहे: "शस्त्रक्रियेदरम्यान वा तद्नंतर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित पित्तनलिकेस इजा, तसेच दुर्बिणीद्वारे प्रक्रिया पूर्ण न झाल्यास उघड्या शस्त्रक्रियेची आवश्यकता संभवते, रुग्णास कोणत्याही टप्प्यावर संमती मागे घेण्याचा अधिकार राहील." यात चार धोके आणि एक हक्क आहे. प्रत्येकाला क्रमांक द्या, म्हणजे शेवटी एकेकाशी ताडून पाहता येईल.

मग एका वाक्यात एकच गोष्ट लिहा:

"ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर रक्तस्राव होऊ शकतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीला क्वचित इजा होऊ शकते. दुर्बिणीने ऑपरेशन पूर्ण झालं नाही, तर पोटावर मोठा छेद घेऊन ते करावं लागू शकतं. तुम्ही दिलेली संमती कधीही मागे घेऊ शकता."

मजकूर लांबला तरी चालेल. तो आखूड करायच्या नादात "रक्तस्राव, जंतुसंसर्ग वगैरे त्रास" असं लिहिलं, की पित्तनलिकेची इजा "वगैरे"त जाते, आणि रुग्णाला सगळ्यात आधी माहीत हवी ती नेमकी तीच.

डॉक्टर अडतात ते बहुधा लहान शब्दांवर, आणि तिथे त्यांचं बरोबर असतं. "होऊ शकतो"चं "होतो" झालं की धोका फुगतो, "क्वचित" गळलं तरी तेच. "कधीही"च्या जागी "ऑपरेशनपूर्वी" आलं तर हक्कच आक्रसतो. उलट, मुळात नसलेला दिलासाही घालू नका. "घाबरण्याचं कारण नाही" हे वाक्य कागदावर धोका पुसायचं काम करतं.

"क्वचित" म्हणजे किती, हे रुग्ण विचारणारच. आकडा सर्जनकडूनच घ्या, अंदाजाने टाकू नका. सगळ्या धोक्यांना पायाही एकच ठेवा. एक धोका "1000 पैकी 3" आणि दुसरा "100 पैकी 5" असा छापला, तर वाचणारा 3 आणि 5 यांचीच तुलना करतो. प्रत्यक्षात दुसरा 1000 पैकी 50, म्हणजे जवळजवळ सतरापट आहे.

मूळ मजकुरातच संदिग्ध काही सापडलं, उदाहरणार्थ "आवश्यक ती अन्य प्रक्रिया", तर सोपं करताना स्वतःच अर्थ लावून मोकळे होऊ नका. रुग्ण इथे कशाला परवानगी देतोय, हे सर्जनकडून लिहून घ्या.

शेवटी हा विषय नवीन असलेल्या चार-पाच जणांना वाचायला द्या. "समजलं का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी कागद बाजूला ठेवून विचारा: "पोटावर मोठा छेद कधी घ्यावा लागेल? मन बदललं तर तुम्ही काय करू शकता?" दोघे एकाच ठिकाणी अडखळले, तर ते वाक्य पुन्हा लिहा आणि त्याच क्रमांकाशी पुन्हा ताडा.