रिव्हर्स मॉर्गेज: हातात किती येतं, कर्ज किती चढतं

रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे उतारवयात राहतं घर बँकेकडे तारण ठेवून तिच्याकडून ठरावीक रक्कम घेत राहायची, आणि कर्जाची फेड आपल्या पश्चात व्हायची. त्यावर सही करण्याआधी एक हिशोब स्वतः मांडून बघा. घराची किंमत १०० धरा. बँक १५ वर्षं दरवर्षी २ देते, व्याज १० टक्के. तुमच्या हातात एकूण ३० येतात, पण कर्ज मात्र ६३ च्या वर जातं, कारण हप्ता तुम्ही भरतच नाही आणि व्याजावर व्याज चढत राहतं. खरी गोम पुढेच आहे. मुदत संपली की पैसे येणं थांबतं, व्याज थांबत नाही. पुढच्या साधारण सात वर्षांत तेच कर्ज दुप्पट होतं. तेव्हा घरखर्च कशातून भागवणार, ते आत्ताच ठरवा.

घर तुमच्याच नावावर राहतं, म्हणून कर, विमा आणि डागडुजीही तुमच्याच माथी. हे थकलं तर बँक कर्ज मुदतीआधी मागू शकते. अर्जात नवरा-बायको दोघांची नावं घाला. नाहीतर एकाच्या माघारी दुसऱ्यावर घर सोडायची वेळ येऊ शकते.

दोघांच्या पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवतात, किंवा घर विकून उरलेली रक्कम घेतात. विक्रीतून कर्ज पुरतं फिटलं नाही, तर तूट वारसांकडून वसूल होणार नाही असं कलम करारात आहे ना, तेवढं नीट बघून घ्या.