एफडी दोघांच्या नावावर, सही कोणाची?

व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात, अडचणीच्या काळासाठी निधी म्हणून सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा. माझ्या हातात १ लाख १० हजार येतात. म्हणजे ६ लाख ६० हजार? एवढे कुठून आणू?
— आयटी नोकरदार, वाकड

पगार विसरा. पगारातून एसआयपी जाते, शनिवारचं हॉटेल जातं, महाबळेश्वर जातं. नोकरी गेली की हे सगळं आपोआप थांबतं. जे थांबत नाही तेवढंच मोजायचं.

तुम्ही पाठवलेले आकडेच घेऊ. गृहकर्जाचा हप्ता ३४ हजार. किराणा, दूध, गॅस १६ हजार. मुलीची वर्षाची फी बाराने भागली तर साडेसात हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, वीज आणि फोन मिळून साडेसहा हजार, आईंची औषधं ५ हजार, पेट्रोल ४ हजार आणि विम्याचे वार्षिक हप्ते महिन्यावर आणून ३ हजार. बेरीज ७६ हजार. तुमच्या पत्नीच्या शिकवण्यांचे २८ हजार चालूच राहतील, म्हणजे दर महिन्याला कमी पडतील ४८ हजार. सहा महिन्यांचे २ लाख ८८ हजार. त्यावर दवाखान्यात भरती करताना भरावी लागणारी अनामत आणि विम्यात न बसणारी बिलं यांसाठी एक लाख धरा. चार लाखांनाही थोडे कमीच.

मात्र हा हिशोब तुमच्या घराचा आहे, शेजाऱ्याने उचलू नये. दोघंही हिंजवडीत एकाच कंपनीत असता, तर मी पत्नीचं उत्पन्न वजा केलंच नसतं. पूर्ण ७६ हजार गुणिले सहा धरले असते, कारण कपात आली तर दोघांवर एकदम येऊ शकते. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. आईंचा आरोग्य विमा फक्त ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आहे का? असेल तर नोकरीबरोबर तोही जाईल. नोकरी सुटताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का आणि हप्ता किती पडेल, हे एचआरला आणि विमा सल्लागाराला आजच विचारा. नोटीस पिरियडमध्ये नको.

क्रेडिट कार्डाची लिमिट ४ लाख आहे. मग वेगळा निधी कशाला?
— वाचक, बाणेर

कारण कार्डाचं बिल दीड महिन्याच्या आत येतं, नवी नोकरी तेवढ्यात येईलच असं नाही.

आमच्या पेठेतली पतसंस्था बँकेपेक्षा दीड टक्का जास्त देते. संचालक ओळखीचे आहेत. सगळा निधी तिथे ठेवावा का?
— निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

नाही. ओळखीचे संचालक ही तारण ठेवण्याची गोष्ट नव्हे.

बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्याही, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. दर ठेवीदाराला, दर बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून वाढली. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती असली तरी ती एकत्रच धरतात. पतसंस्था या विम्यात येतच नाहीत. दीड टक्का जास्त मिळतो तो फुकट मिळत नाही.

शिवाय विमा असला तरी निधीसाठी तो पुरत नाही, हे पुण्यात तरी कुणाला समजावून सांगायला नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली वर्षं ठेवीदारांनी कशी काढली ते तुमच्याच पेठेत विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायला हवी. सुधारणा चांगली आहे, पण ज्या रात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते त्या रात्री ९० दिवस कुणाकडे असतात? म्हणून निधी एकाच बँकेत ठेवू नये. पेन्शन जिथे येते ती एक बँक आणि दुसरी तिच्याशी संबंध नसलेली, एवढं पुरे. पतसंस्थेत आधीच ठेवलेली रक्कम मोडायची असेल तर मुदतपूर्व मोडण्याचे नियम वाचा आणि तुमच्या सीएंना दाखवून मगच मोडा.

बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने एक प्लॅन सांगितला. विमाही, गुंतवणूकही आणि “इमर्जन्सीला काढताही येतात” म्हणाला. मागच्या आठवड्यात सही केली. बरोबर केलं ना?
— वाचक, हडपसर

तो युलिप असेल तर पहिली पाच वर्षं पैसे बाहेर निघत नाहीत. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. कागद काढा, तारीख बघा आणि या आठवड्यातच विमा कंपनीला लेखी कळवा, त्या मॅनेजरला तोंडी नव्हे.

मिस्टर अचानक आयसीयूत होते. चार लाखांची एफडी आम्हा दोघांच्या नावावर आहे, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. मी मोडायला गेले तर बँक म्हणाली, दोघांची सही लागेल. मग ‘आयदर’ला अर्थ काय?
— गृहिणी, सिंहगड रोड

ताई, बँकेने तुम्हाला नियमच सांगितला. तो एफडी काढताना सांगायला हवा होता, ही तक्रार मात्र रास्त आहे. महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बचत खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कुणीही, कधीही पैसे काढू शकतं. एफडीला मात्र ही सवलत मुदत संपल्यावर लागू होते. मुदतीच्या दिवशी कुणा एकाची सही चालते. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. आणि त्याहून वाईट म्हणजे, दोघांपैकी एक मुदतीआधी गेला तर मागे राहिलेल्याला ती मोडायला मृताच्या इतर वारसांची संमती लागू शकते. निधी दोघांच्या नावावर असूनही नेमक्या संकटात अडकतो तो असा.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. एफडी काढताना, किंवा नंतर दोघांनी मिळून, बँकेला लेखी सूचना द्यायची: दोघांपैकी कुणीही एकट्याने आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याने मुदतीआधी ठेव मोडू शकेल. काही बँकांच्या अर्जात यासाठी चौकोनच असतो, पण तो कुणी टिक करत नाही. ही सूचना दोघं शुद्धीवर असताना दिली तरच चालते. म्हणून मिस्टर घरी आले असतील तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. शाखेतून पोच घ्या आणि पावतीवर नोंद झाली का ते पाहा.

आता इतर गैरसमज. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलं असेल तर पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत दुसऱ्याला एक रुपयाही काढता येत नाही. नाव असूनही नाही. नॉमिनीला तर माणूस जिवंत असताना काहीच अधिकार नसतो, आणि नंतरही तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, आपोआप मालक होत नाही. “मुलाला नॉमिनी केलंय, तो बघेल” हे वाक्य मी ज्येष्ठांकडून इतक्यांदा ऐकतो की आता चिडायचंही सोडून दिलंय. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते कायद्याने संपतं. रुग्ण शुद्धीवर असेल आणि फक्त सही करता येत नसेल तर बँकेचे अधिकारी आणि दुसरा साक्षीदार यांच्यासमोर अंगठा घेण्याची सोय आहे, शाखाधिकाऱ्यांना तशी विनंती करा. रुग्ण कोमात असेल तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तिथे वकील लागेल, माझं सदर नाही.

राहिला फोन. पुष्कळ घरांत खातं दोघांचं असतं, पण एटीएम कार्ड एक, नेटबँकिंग एक आणि ओटीपी येतो तो आयसीयूच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या, पॅटर्न लॉक लावलेल्या फोनवर. त्यावर पिन बायकोला सांगून ठेवणं हा उपाय नव्हे. दुसऱ्या खातेदाराचं स्वतःचं कार्ड, स्वतःचं लॉगिन आणि स्वतःचा नोंदवलेला मोबाइल नंबर हवा. तुम्ही दोघं एकदा करून बघा: मिस्टरांचा फोन बंद ठेवून तुम्ही एकटीने दहा हजार काढा. निघाले तर खातं ठीक.

मी स्वतः अशा घरांना सुचवतो ती मांडणी साधी आहे. दोघांच्या नावाचं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ बचत खातं, त्यात लाखभर मोकळे आणि बाकीचे त्याच खात्याला जोडलेल्या ऑटो-स्वीप ठेवीत. मोकळी रक्कम कमी पडली की ठेव लागेल तेवढी आपोआप मोडते आणि सहसा वेगळ्या सहीचा प्रश्न येत नाही. मोडलेल्या भागावर व्याज थोडं कमी मिळतं, मिळू द्या. पण प्रत्येक बँकेच्या स्वीपच्या अटी वेगळ्या असतात. किती रकमेनंतर ठेव बनते आणि एका खातेदाराने काढल्यावर ती मोडते का, हे दोन प्रश्न शाखेत विचारून उत्तर लेखी घ्या.

सासूबाई म्हणतात, निधी घराचा आहे. दिरांना दुकानाच्या डिपॉझिटसाठी दोन लाख हवेत, सहा महिन्यांत देतो म्हणतात. नाही कसं म्हणू?
— वाचक, चिंचवड

घराचा निधी म्हणजे घरातल्या कुणाचाही नव्हे. आजारपण, उत्पन्न थांबणं आणि राहतं घर किंवा कमावतं वाहन बंद पडणं, या तीनच कारणांसाठी तो आहे, आणि काढायचा तर तुम्हा नवरा-बायको दोघांना आधी कळलं पाहिजे. दुकानाचं डिपॉझिट हे कर्जाचं काम आहे. दीर बँकेत जाऊ शकतात, घरातलं सोनं तारण ठेवू शकतात. द्यायचेच असतील तर तुमच्या इतर बचतीतून, लिहून घेऊन द्या. मजकूर वकिलांकडून करून घ्या. “नाही” सासूबाईंना तुम्ही म्हणू नका, त्यांच्या मुलाला म्हणू द्या.

सध्या हात तंग आहे. दिवाळीचा बोनस आला की एकदमच सुरू करावं म्हणतो. चालेल ना?
— वाचक, धायरी

मागच्या दिवाळीच्या बोनसचं काय झालं?

पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी तीन हजारांची आरडी लावा, बोनस आला की त्यात भर घालायची वेगळी सोय करू. फक्त मोबाइलवरून लावू नका. ॲपमधून काढलेली आरडी अनेकदा एकट्याच्याच नावावर निघते. शनिवारी बायकोला घेऊन शाखेत जा, दुसरा आणि चौथा शनिवार सोडून.