रेस्टॉरंटच्या एआय फोटोंचं कोटेशन देताना

अरे, 20 फोटोंचा एकच आकडा सांगून मोकळा होऊ नकोस, आधी विचार त्यात डिशेस किती आणि नुसत्या वातावरणाचे किती. समज 12 डिशेस आणि 8 वातावरणाचे. वातावरणाचा फोटो अर्ध्या तासात निघतो, पण डिश त्यांच्या खऱ्या प्लेटसारखी दिसायला हवी, नाहीतर गिऱ्हाईक टेबलावर बसून भांडणार, त्यामुळे तिथे दीड तास सहज जातो. म्हणजे 18 अधिक 4, झाले 22 तास, वर दुरुस्त्यांचे 6 धर, आणि 28 ला तुझ्या तासाच्या रेटने गुण. किती इमेज जनरेट केल्या ते मोजूच नकोस, पैसे फायनल फोटोचेच.

प्रत्येक डिशचा मोबाईलवर काढलेला खरा फोटो आधी माग, तो नसेल तर ती डिश घेऊच नकोस (मी एकदा घेतली, सात वेळा बदलली). दुरुस्तीचे दोन राउंड, त्यात बॅकग्राउंड, लाईट, क्रॉप एवढंच, डिशच बदलली तर नवीन फोटो असं लिहूनच दे. आणि फोटो छापायचेत का तेही विचार, ए4 ला 300 डीपीआयने 2480×3508 पिक्सेल लागतात, अपस्केल करताना बारीक अक्षरं नि काटेचमचे बिघडतात, ते नीट करायचा वेळ वेगळा लाव.