फॉन्ट बदलल्यावर मराठी का तुटते?

प्रश्न: फोनचा फॉन्ट बदलल्यापासून इंग्रजी छान दिसतंय, पण मराठी जोडाक्षरं तुटली. माझे मेसेजही बिघडलेत का?

मेसेज बिघडलेले नाहीत. फॉन्ट फक्त तुमच्या पडद्यावरचे रूप ठरवतो; मजकूर साठतो आणि पाठवला जातो तो युनिकोड चिन्हांत, त्यामुळे समोरच्याला तो त्याच्या फोनच्या फॉन्टमध्ये नीटच दिसतो.

नव्या फॉन्टमध्ये देवनागरी मुळीच नसेल, तर फोन मराठीपुरता आपला मूळ फॉन्ट वापरतो आणि वाचनात अडचण येत नाही. खरा घोटाळा अर्धवट फॉन्टचा असतो, कारण त्यात सुटी अक्षरे असतात, पण ती जोडण्याचे नियम नसतात. माझ्या आतेभावाने असाच एक नक्षीदार फॉन्ट घातला, तेव्हा ‘कोल्हापूर’मधला ‘ल’ पाय मोडून ‘ह’पासून वेगळा उभा राहिला आणि ‘दुसऱ्या’मधला आडवा रफार नाहीसा झाला. हा रफार खास मराठीच्या गरजेचा असल्यामुळे हिंदीपुरती चाचणी केलेल्या फॉन्टमध्ये तो राहून जाऊ शकतो.

म्हणून फॉन्ट लावताच ‘कोल्हापूरच्या दुसऱ्या गल्लीत’ असे लिहून पाहावे. शब्द तुटले, तर सॅमसंगच्या फोनवर `Settings > Display > Font size and style > Font style` येथे `Default` निवडावे. काही ॲप स्वतःचाच फॉन्ट वापरतात, त्यांत मुळात काहीच बदललेले नसते. त्यामुळे चाचणी मेसेजच्या ॲपमध्येच केलेली बरी.